गाऊनच्या आत काय घालायचं: गळा, खालची कड आणि बूट

प्रश्न: "तीन आठवड्यांनी पदवीदान समारंभ आहे. गाऊन काळा, पुढून पूर्ण चेनचा, वर हूड. म्हणजे दिसणार फक्त गळा, खालचा थोडा भाग आणि बूट. उंची १५७ सेंमी. गुडघ्याच्या जरा खाली येणारा बोट नेकचा एक ड्रेस आहे माझ्याकडे, तो चालेल की सरळ शर्ट-पँट घालू? आणि टाचा किती?"

ड्रेस चालेल, पण आहे तसा नाही. गळ्यापाशी थोडं काम करावं लागेल आणि पाच रुंद फितीचे तुकडे आणि चार सेफ्टी पिना खर्ची पडतील. शर्ट-पँट घातलीत तर हे काम वाचेल. का ते सांगते, म्हणजे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मी कपडे दुरुस्त करून देते आणि गेली बरीच वर्षं पदवीदानाच्या दिवशी तयारीच्या खोलीत उभी असते. मुलं-मुली गाऊन घेऊन येतात, मी हूड नीट बसवून पिना लावून त्यांना रांगेत पाठवते. दिवसाला दोनशे-अडीचशे खांदे हाताखालून जातात. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. लोक विचार करतात तो आतलं काय दिसेल याचा, आणि दिवसभर त्रास होतो तो आतल्या कपड्याला गाऊन धरून ठेवता येत नाही याचा. गळा वाकडा दिसतो, पुढची कड वर चढते, फोटोत एक हात सतत गळ्याशी असतो. हे सगळं एकाच कारणाने होतं.

ते कारण म्हणजे हूड. हूडचं सगळं वजन पाठीवर लटकतं आणि पुढे फक्त एक अरुंद पट्टी गळ्याखाली येते. पाठीमागे ओझं आणि पुढे काहीच नाही, म्हणजे तो मागे ओढणारच. ओढताना पुढची पट्टी वर सरकते आणि थेट घशाशी येऊन बसते. त्याच्याबरोबर गाऊनही मागे जातो, कारण हूड गाऊनवरच टेकलेला असतो आणि दोन्ही कापडं गुळगुळीत असली तरी वजन खालच्यालाही घेऊन जातं. अमेरिकी पद्धतीत पदवीचा हूड ३ फूट लांब, पदव्युत्तरचा साडेतीन आणि डॉक्टरेटचा ४ फूट असतो. पदवी जितकी मोठी तितकं मागचं ओझं जास्त. डॉक्टरेटवाल्यांच्या हूडला रुंद मखमलही असते, त्यामुळे त्यांचे हाल सगळ्यात जास्त.

ज्यांनी हे हूड मुळात बनवले त्यांना हे माहीत होतं. हूडच्या पुढच्या टोकाला आतून पाहा, बहुतेकांना दोऱ्याचा किंवा गोफाचा एक छोटा फासा असतो. पुष्कळ जण तो सुटलेला धागा समजून आत खुपसतात. तो शर्टाच्या बटणात अडकवण्यासाठी असतो. आत कॉलरचा, बटणांचा शर्ट असणार हे धरूनच हूड कापलेला आहे. मागे ओढणारं वजन त्या फाशातून शर्टाच्या बटणावर येतं, बटण शर्टाच्या पट्टीवर असतं, शर्ट पँटमध्ये खोचलेला असतो, आणि पँट कमरेवर घट्ट असते. म्हणजे पाठीवरचं ओझं शेवटी तुमच्या कमरेने धरलेलं असतं. ही साखळी जोडलेली असेल तर घसा मोकळा राहतो. काही जण फासा गाऊनच्या चेनच्या टोकात अडकवतात. दिसायला जमल्यासारखं वाटतं, पण गाऊन स्वतःच मागे सरकणारा आहे, त्यामुळे दोघं मिळून घशाला ओढतात.

आता तुमचा बोट नेक. बोट नेकला बटण नाही, ही पहिली अडचण. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे आणि आरशात ती लक्षात येत नाही. बोट नेक खांद्याच्या टोकाकडे पसरलेला असतो. मानेच्या जवळ, जिथे गाऊनच्या खांद्याचा आतला भाग टेकतो, तिथे ड्रेसचं कापडच नसतं. पिन लावायची तर कशाला लावणार? मुली मग ब्राच्या पट्टीला लावतात. ती इलॅस्टिकची. दहा मिनिटांत ताणून तीन-चार सेंमी मागे जाते आणि पिनेसकट सगळं तिच्यामागे.

तिसरी गोष्ट दिसण्याची आहे. गाऊनचा गळा व्ही आकाराचा, हूडची पट्टीही व्ही. त्या दोन तिरक्या रेघांच्या मध्ये बोट नेकची एक आडवी सरळ रेघ येते. आडवी रेघ म्हणजे गवंड्याच्या ओळंब्यासारखी, तिच्या शेजारी बाकी काहीही एक सेंमी वाकडं असलं तरी लगेच कळतं. आत गोल गळा असता तर तेवढा वाकडेपणा खपून गेला असता. व्हीच्या आत गोलाला डोळा फारसं मोजत नाही.

माझ्या स्वतःच्या पदवीदानात मी सॅटिनचा, बारीक पट्ट्यांचा टॉप घातला होता. वरून गाऊन, गळ्याशी काहीच दिसत नव्हतं, मला वाटलं किती छान, सुटसुटीत. प्रत्येक फोटोत माझा डावा हात गळ्यापाशी आहे. आणि खांद्यापर्यंतच्या फोटोत गाऊनच्या व्हीमध्ये नुसती त्वचा दिसते, त्यामुळे आत काहीच घातलं नाही असं वाटतं. आई अजून तो फोटो भिंतीवर लावू देत नाही. तेव्हापासून मी सांगते, गळा एकतर दोन-तीन बोटं नीट दिसू दे, नाहीतर निदान इतका वर असू दे की व्हीच्या टोकाशी कापडाची कड सापडेल. गाऊनच्या कडेतून मधूनच अर्धा सेंमी डोकावणारा आणि मधूनच गायब होणारा गळा सगळ्यात वाईट दिसतो, मग तो कितीही महाग कपड्याचा असो.

हे मोजायचं कसं? गाऊन घाला, चेन पूर्ण वर घ्या. गळ्याच्या खाचेत, म्हणजे दोन हाडांच्या मधल्या खळग्यात, बोट ठेवा आणि तिथून व्हीच्या टोकापर्यंतचं अंतर टेपने मोजा. भाड्याच्या गाऊनमध्ये ते साधारण ६ ते १० सेंमीच्या दरम्यान मिळतं, पण शिवणाऱ्यागणिक बदलतं म्हणून स्वतः मोजलेलंच खरं. आतल्या कपड्याचा गळा खाचेपासून त्या अंतराच्या निम्म्यावर आला तर छान बसतो. समजा व्ही ८ सेंमीवर आहे, तर आतला गळा ४ सेंमीच्या आसपास. मग गाऊन एक-दोन सेंमी इकडेतिकडे झाला तरी आतली कड दिसतच राहते, गायब होत नाही.

तुमच्या ड्रेसवर तोडगा असा. मानेच्या बाजूला, जिथे बोट नेकची कड खांद्यावर मानेच्या सगळ्यात जवळ येते, तिथे आतून सुती फितीचा एक तुकडा दोन्ही बाजूंना शिवा. रुंदी साधारण दीड सेंमी, लांबी ५-६ सेंमी, मानेच्या दिशेने जाणारा, आणि त्याचं मोकळं टोक मागच्या गळ्याच्या कडेला टाचलेलं. म्हणजे एक छोटा पूल तयार होतो. हा पूल गाऊनखाली पूर्ण झाकतो आणि पिन लावायला न ताणणारी जागा मिळते. सुतीच फीत घ्या, सॅटिनची नको, ती पिनेवर घसरते. असे दोन तुकडे खांद्यांना. तिसरा तुकडा पुढच्या गळ्याच्या मध्यावर आतून, दुहेरी करून, आणि त्यावर एक चपटं छोटं बटण. नुसतं बटण ड्रेसच्या कडेवर लावलंत तर फासा ते वर ओढेल आणि सरळ कडेचा मधोमध एक उंचवटा होईल, तंबूसारखा. म्हणून बटणाखालची फीत कडेपासून खाली ६-७ सेंमीपर्यंत न्या आणि तिथे ड्रेसच्या अस्तराला पक्के टाके घाला, म्हणजे ओढ कडेवर न येता खाली जाते. तुमच्या ड्रेसला कमरेत शिवण असेल तर उत्तम, चौथा आणि पाचवा तुकडा जोडून ती फीत थेट कमरेच्या शिवणीपर्यंत न्या. कमरेत शिवण नसेल, सरळ सोडलेला ड्रेस असेल, तर हे एवढं करूनही हूड थोडा ओढेल. तिथे माझं मत शर्टाच्या बाजूने.

पिना कशा लावायच्या ते नीट सांगते, कारण लोक नेमकं इथे चुकतात. दर खांद्याला दोन. पहिली पिन आतून: गाऊनचं अस्तर किंवा खांद्याची शिवण आणि तुमची फीत, एवढंच एकत्र. दुसरी पिन हूड आणि गाऊन यांना जोडते, तीही खालून, हूडची पट्टी थोडी उचलून तिच्या आतल्या थरातून. वरचा थर टोचायचा नाही, नाहीतर पिनेचा चमकता ठिपका फोटोत येतो आणि भाड्याच्या गाऊनला भोक पडलं तर वेगळीच कटकट. दोन्ही पिना आडव्या लावा, खांद्याच्या शिवणीला समांतर. उभी पिन ओढ आली की फिरते आणि उघडते. हे स्वतःचं स्वतःला जमत नाही, कोणाला तरी मागे उभं करा.

आता खालच्या कडेकडे येऊ, कारण ती खांद्यांशीच बांधलेली आहे. लोक आतला ड्रेस आणि गाऊन शेजारी धरून मोजतात आणि "आठ सेंमी आत आहे, दिसणार नाही" म्हणतात. उभं राहिलं की खरंच दिसत नाही. पण गाऊन मागे ३ सेंमी सरकला की पुढची कड ३ सेंमी वर जाते आणि मागची तेवढीच खाली. हात वर केले की गाऊन आणखी चढतो, कारण गाऊनच्या बाह्या रुंद आणि बगलेत खोल असतात, हात उचलला की त्या अख्खं अंगच वर खेचतात. आतल्या ड्रेसची बगल अंगाला धरून असते, तो तेवढा चढत नाही.

मागे तुमच्याच उंचीची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिची गोष्ट आकड्यांत सांगते, कारण तुमचंही जवळपास हेच होणार. खांद्यापासून जमीन १३१ सेंमी. गाऊनची लांबी १०३, म्हणजे कड जमिनीपासून २८ सेंमीवर, पोटरीच्या साधारण मध्यावर. गाऊनची कड तिथेच असायला हवी, तिचं माप ठीक होतं. तिचा ड्रेस खांद्यापासून ९५ सेंमी, म्हणजे ८ सेंमी आत. मी पिना न लावता तिला खोलीत एक फेरी मारायला लावली. परत आली तेव्हा पुढची कड ३ सेंमी वर. राहिले ५. मग सांगितलं, टोपी फेकल्यासारखे दोन्ही हात वर कर. गाऊन आणखी ४ सेंमी चढला. राहिला १. आणि तिचा ड्रेस घेरदार होता, पुढे पाऊल टाकलं की घेराची लाट बाहेर डोकावत होती. खांद्यांना पिना लावल्यावर तेच हात वर करून ४ सेंमी आत राहिले, आणि चालताना काहीच दिसलं नाही. ड्रेसची लांबी आम्ही बदललीच नाही.

म्हणून मी आतल्या कडेसाठी दोनच जागा मानते. एकतर गाऊनच्या कडेपेक्षा किमान ८ सेंमी वर, नाहीतर सरळ घोट्यापर्यंत खाली. मधलं काही नको. गाऊनखालून तीन-चार बोटं लोंबणारा कपडा नजरचुकीने राहिलेल्या परकरासारखा दिसतो. तुमचा ड्रेस गुडघ्याच्या जरा खाली येतो म्हणता, तर बहुधा तो या ८ सेंमीच्या जवळपासच बसेल. अंदाज नको, टेप लावा. ५ पेक्षा कमी निघाला तर तात्पुरती आतून दुमड घाला, मोठे हाताचे टाके, समारंभानंतर उसवता येतात.

एक गैरसमज इथेच दूर करते. टाचा घातल्या तर ड्रेस जास्त दिसेल का, असं पुष्कळ जणी विचारतात. नाही. टाचेने गाऊन आणि ड्रेस दोन्ही सारखेच वर जातात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. बदलतो तो खाली दिसणारा पाय. तुमच्या बाबतीत २८ सेंमी पाय दिसत असेल तर ५ सेंमीच्या टाचेने ३३ दिसेल. पँट मात्र टाचेबरोबर बदलते, तिची कड बुटापासून वर उचलली जाते. म्हणून पँट घालणार असाल तर ज्या बुटांवर समारंभ करायचा त्याच बुटांवर पँटची लांबी ठरवा.

पँटबद्दल माझी एक साधी मोजणी आहे. गाऊनच्या कडेपासून जमिनीपर्यंत किती पट्टे दिसतात ते मोजा. पँट, बूट, असे दोन असतील तर डोळ्याला स्वस्थ वाटतं. आखूड पँट घातली की पँट, मग उघडी नडगी, मग मोजा, मग बूट, असे चार होतात, आणि वरच्या एवढ्या मोठ्या काळ्या आकारानंतर खाली ते चिरफाळ्या केल्यासारखं दिसतं. उघडा पाय आणि बूट हेही दोनच. गडद स्टॉकिंग्ज आणि गडद बूट म्हणजे तर जवळजवळ एकच. पँट सरळ, गडद, बुटाच्या वरच्या भागाला टेकणारी. खूप घेराची पँट गाऊनच्या कडेला आतून ढकलते आणि गाऊन घंटेसारखा फुलतो. मुलांनी मोज्यांकडे लक्ष द्यावं. दोन तास पहिल्या रांगेत बसल्यावर पँट वर जाते आणि आखूड मोज्यांच्या वर केसाळ नडगीचा पट्टा दिसतो. पोटरीपर्यंतचे गडद मोजे, एवढंच.

साडी नेसणाऱ्या मुली दरवर्षी असतात, त्यांच्यासाठी एक वाक्य. पदर खांद्यावर घड्या घालून आला की त्या खांद्यावर सहा-सात थर होतात, गाऊन तिथे उंच बसतो आणि दुसरीकडे घसरतो. पदर खांद्यावर न आणता कमरेला गुंडाळून घ्या, गाऊन उतरवल्यावर नीट लावा. मग खाली निऱ्या घोट्यापर्यंत छान दिसतात आणि ब्लाउजचा गळा पिन लावायला चांगला जाड असतो. कुर्ता असेल तर त्याची कड बहुतेक वेळा नेमकी त्या नकोशा मधल्या जागेत येते, गाऊनच्या दोन-चार सेंमी खाली किंवा वर. तिथे आखूड कुर्ता घ्या.

कापडाचं काय, हे हवेवर अवलंबून आहे आणि तिथे मला एकच उत्तर देता येत नाही. गाऊन बहुतेक पॉलिएस्टरचा असतो, हवा खेळत नाही, काळा असतो आणि समारंभ उन्हात असेल तर तापतो. सुती शर्ट घातला तर घाम टिपतो पण दोन तासांनी गाऊन काढला की वर्तमानपत्राच्या बोळ्यासारखा दिसतो. क्रेप किंवा विणीचं जाडसर कापड चुरगळत नाही, पण गरम होतं. समारंभानंतर गाऊन काढून बाहेर जेवायला जाणार असाल, फोटो काढणार असाल, तर मी चुरगळणं टाळायला सांगेन आणि आत बिनबाह्यांचा पातळ सुती बनियन घालायला सांगेन, तो घाम टिपेल. गाऊन काढताच घरी जाणार असाल तर सुती शर्टच बरा. एक नक्की नको, आत सिंथेटिक अस्तराचा स्कर्ट आणि पायात नायलॉनचे स्टॉकिंग्ज. कोरड्या हवेत तिन्ही थर एकमेकांना चिकटतात आणि गाऊन पायांत गुंतून चालताना चढत जातो. तसा प्रसंग आलाच तर स्टॉकिंग्जवर पाण्याचा ओला हात फिरवा, थोडा वेळ सुटतं.

रंगाबद्दल फार बोलणार नाही. काळ्या गाऊनमधून रंग झिरपत नाही, त्यामुळे आत काहीही घाला. फक्त गळ्यात दिसणारा तो त्रिकोण हूडच्या अस्तराच्या रंगाला लागून येतो, आणि हूडचं अस्तर आधीच भडक असतं. तिथे नक्षी नको. पांढरा, मोतिया, किंवा गडद साधा रंग. शुभ्र पांढऱ्यापेक्षा मोतिया बरा, कारण काळ्या गाऊनवर कॅमेरा उजेड वाढवतो आणि शुभ्र पांढरा फटफटीत होऊन कॉलरची शिवणही दिसेनाशी होते. फिकट रंगाचा गाऊन असता तर गोष्ट उलटी असती, तिथे गडद ड्रेसची सावली पडते आणि अंगाच्या रंगाचे कपडेच घालावे लागतात.

इथे एक अट सांगायलाच हवी. काही विद्यापीठं आतल्या कपड्यांचाही नियम करतात. ऑक्सफर्डमध्ये गाऊनखाली ठरलेलाच पोशाख लागतो: गडद सूट किंवा स्कर्ट, पांढरा शर्ट, काळे बूट, आणि तो नसेल तर समारंभात उभं राहू देत नाहीत. अमेरिकी पोशाख-संहितेतही बूट आणि बाहेर दिसणारे बाकीचे कपडे गडद असावेत असं म्हटलं आहे, पण तिथे पुष्कळ ठिकाणी लाल बूट घातले तरी कोणी अडवत नाही. तुमच्या संस्थेच्या पत्रात एखादी ओळ असेल तर माझ्या सगळ्या म्हणण्याच्या आधी ती.

बूट. पदवी घेताना तुमचा जो फोटो निघतो तो बहुतेक वेळा मंचाच्या खालून, म्हणजे कॅमेरा तुमच्या पायांच्या उंचीवर असतो. त्या फोटोत बूट खूप मोठे दिसतात, हे आधी कोणी सांगत नाही. म्हणून त्यांची पुढची टोकं स्वच्छ हवीत, बाकी कमी महत्त्वाचं. टाचा ३ ते ५ सेंमी, रुंद. मंच बहुतेक वेळा फळ्या जोडून केलेला असतो, वर पातळ गालिचा. फळ्यांच्या फटी गालिच्याखाली दिसत नाहीत आणि बारीक टाच बरोब्बर तिथेच जाते. हिरवळीवर समारंभ असेल तर बारीक टाच मातीत रुतते. मागून मोकळ्या चपला नकोत, पोकळ मंचावर प्रत्येक पावलाला टाळी वाजते आणि ती ध्वनिक्षेपकावरही ऐकू येते. हे मी थट्टेने नाही सांगत, आमच्या खोलीत पडद्यामागे ऐकू येतं.

नव्या बुटाचा तळ गुळगुळीत असतो. पॉलिशपेपरने तळाचा पुढचा भाग आडवा-उभा घासा, चकाकी जाईपर्यंत. आणि पायऱ्या चढताना गाऊन डाव्या हाताने मांडीपाशी चिमटीत धरून किंचित उचला. उजवा हात मोकळा हवा, वर गेल्यावर तोच हस्तांदोलनाला लागतो. तुमच्या उंचीला गाऊन मोठा मिळाला, कड जमिनीपासून २० सेंमीपेक्षा खाली आली, तर बदलून मागा. मोठा गाऊन कडेने आत दुमडून पिना लावणारे असतात, पण दुमडलेली पुढची कड पायरीवर टाच अडकवते.

आता तुमच्या तीन आठवड्यांत. गाऊन आधी हातात मिळत असेल तर ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी व्ही आणि लांबी मोजा, ड्रेसला फिती शिवा. मिळत नसेल, समारंभाच्या सकाळीच मिळणार असेल, तर ड्रेसचा हट्ट सोडा आणि शर्ट-पँट घाला. मोजमाप न घेता ड्रेस जमवणं हा जुगार आहे, आणि शर्ट कुठल्याही गाऊनमध्ये, कुठल्याही हूडखाली बसतो. दोन्ही बाबतीत एक चाचणी घरी करा. हूड नसेल तर जाड पंचा मानेवरून मागे सोडा, पुढची टोकं एका बटणात किंवा पिनेत अडकवा. मग खुर्चीत पाच मिनिटं बसा, उठा, जिना चढा-उतरा, दोन्ही हात वर करा, आणि गळ्याला हात न लावता आरशापुढे या. पंचा घशाला भिडला असेल तर फाशाची जागा खाली घ्या, एका बटणाने. शर्टाचं दुसरं बटण बहुतेकांना लागतं. पहिलं फार वर असतं, कॉलर वर ओढली जाते.

त्या दिवशी पर्समध्ये सहा पिना ठेवा, मध्यम मापाच्या, साधारण ४ सेंमीच्या. बारीक पिना तीन थर धरत नाहीत, आणि तयारीच्या खोलीतल्या पिना अर्ध्या तासात संपतात.